डॅशबोर्ड हिरवा आहे म्हणून तिकीट बंद करणाऱ्यांना खुलं पत्र

प्लॅटफॉर्म टीम, ऑन-कॉल इंजिनिअर आणि ज्यांच्या सहीने नवा नियम निघाला ते ऑपरेशन्सचे मॅनेजर,

सपोर्टमध्ये बसणारी एक जण हे लिहितेय. आतल्या चॅनेलवर दोनदा लिहून झालं, दोन्ही वेळा उत्तरात डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट आला, त्यामुळे आता उघडच लिहिते. आणि हे आपल्याच कंपनीपुरतं असेल असं मला वाटत नाही, जिथे जिथे सर्व्हरच्या बाजूने मोजतात आणि युजरच्या बाजूने तक्रारी येतात तिथे थोड्याफार फरकाने हेच चालू असणार. म्हणून बाहेरच्यांनीही वाचावं.

नियम असा आहे: युजरची तक्रार आली आणि त्या वेळेला डॅशबोर्ड हिरवा असेल तर सपोर्टने इन्सिडेंट उघडायचा नाही, तिकिटाला 'युजर साइड' असं लेबल लावून बंद करायचं. यामागचं कारण मला कळतं. रात्री तीनला कुणा एकाच्या वायफायसाठी ऑन-कॉलला उठवणं कुणालाच नको असतं, आणि आमच्याकडूनही फालतू एस्कलेशन झालेली आहेत हे खरंय. पण हा नियम एक गोष्ट गृहीत धरतो, की युजरला त्रास झाला तर तो डॅशबोर्डवर दिसेलच. आणि नेमकं तेच होत नाही. ते का होत नाही हे मी फक्त एकाच फीचरवरून सांगते, कागदपत्राचा फोटो अपलोड करणं, कारण माझ्या रांगेत सगळ्यात जास्त तिकिटं त्याचीच आहेत आणि फोटो गेला नाही तर त्या माणसाचा अर्ज तिथेच अडकतो.

एक तिकीट घ्या. युजर लिहितो, "फोटो टाकतोय तर गोल गोल फिरत राहतं आणि मग काहीतरी चुकलं म्हणतं, शेवटी एकदाचा गेला पण खूप वैताग आला." तुमच्याकडून उत्तर: अपलोडचा एरर रेट शून्याच्या आसपास, रिस्पॉन्स टाइम २०० मिलिसेकंदांच्या आत, युजर साइड, क्लोज. मी त्या युजरच्या वेळेच्या, ॲप सर्व्हरच्या पुढे बसणाऱ्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमधल्या ओळी काढून घेतल्या. लॉगमध्ये जरा जास्तीचे कॉलम लावले तर त्या अशा दिसतात, डावीकडून स्टेटस, एकूण वेळ, मागच्या ॲपने घेतलेला वेळ, आलेले बाइट आणि पत्ता:

```
400 30.002 -     3670214 /upload
400 30.004 -     3581907 /upload
200 27.318 0.184 3302451 /upload
```

या तीन ओळी सावकाश वाचा. पहिल्या दोन वेळा बरोबर ३० सेकंदांनी तुटलंय. इतका गोल आकडा नेटवर्क आपणहून काढत नाही, गोल आकडा दिसला की कुणीतरी कुठेतरी टाइमआउट लिहून ठेवलाय असं समजायचं, आणि तो आपल्याच मोबाइल ॲपमध्ये आहे, पूर्ण कॉलला ३० सेकंदांची मर्यादा. तिसऱ्या कॉलममध्ये डॅश आहे, म्हणजे ती रिक्वेस्ट तुमच्या ॲप सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही. एनजिनएक्स मूळ सेटिंगमध्ये आधी युजरकडून पूर्ण बॉडी, म्हणजे इथे अख्खा फोटो, स्वतःकडे घेतो आणि मगच मागे पाठवतो, त्यामुळे अर्धवट आलेला फोटो मागच्या सर्व्हरला कळतसुद्धा नाही. तुमचा ॲपचा डॅशबोर्ड म्हणतो एरर नाही, आणि तो खोटं बोलत नाहीये, त्याच्याकडे ही माणसं आलीच नाहीत.

आता तिसरी ओळ, माझ्या मते हीच सगळ्यात वाईट. तिसऱ्यांदा त्या माणसाने फोटो कातरून लहान केला आणि तो गेला. त्याला त्या एका प्रयत्नातच २७ सेकंद लागले, पण तुमच्या चार्टवर त्याची नोंद आहे ०.१८४ सेकंद. म्हणजे ज्याला इतका मनस्ताप झाला तो तुमच्या रिस्पॉन्स टाइमच्या आलेखात चांगल्या अनुभवाचा ठिपका म्हणून बसलाय, त्याच्यामुळे आलेख आणखी छान दिसतोय.

सोपा हिशोब करून बघा. फोनने काढलेला ४ एमबीचा फोटो म्हणजे ३२ मेगाबिट. अपलोडचा वेग सेकंदाला १ मेगाबिट मिळत असेल तर नुसता फोटो जायला ३२ सेकंद लागतात, आणि आपली मर्यादा ३०. म्हणजे त्या वेगावरच्या माणसाने दहा वेळा प्रयत्न केला तरी दहाही वेळा तो अपयशीच होणार, यात नशीब वगैरे काही नाही. आणि वरच्या ओळींमधले बाइट वेळेने भागून बघा, सेकंदाला साधारण १२० केबी येतात, म्हणजे १ मेगाबिटच्या जरा खालीच. त्याचं नेट बंद नव्हतं. तो मेसेज पाठवत होता, आम्हाला तिकीट लिहीत होता. फक्त हळू होतं, आणि हळू नेटला आपल्या ॲपमध्ये जागा नाही. याला 'युजर साइड' म्हणायचं असेल तर म्हणा, पण ३० हा आकडा युजरने लिहिलेला नाही.

तर आता माझ्या तक्रारी.

पहिली, तुम्ही घड्याळ चुकीच्या जागी सुरू करता. डॅशबोर्डवर जो रिस्पॉन्स टाइम आहे तो `$upstream_response_time` आहे, मागच्या ॲपशी बोलायला लागलेला वेळ. युजरचा पहिला बाइट आल्यापासूनचा वेळ `$request_time` मध्ये असतो, आणि तो तुम्ही नेहमीच्या लॉगमध्ये घेतच नाही. मागच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं की आम्ही सरासरी बघत नाही, पी९५ आणि पी९९ बघतो, म्हणजे सगळ्यात हळू पाच टक्के आणि एक टक्का रिक्वेस्ट जिथून सुरू होतात तो वेळ, म्हणून असे लोक लपणार नाहीत. सरासरीपेक्षा पर्सेंटाइल चांगलं, मान्यच आहे. पण घड्याळच फोटो पूर्ण आल्यावर सुरू होत असेल तर पी९९ काय आणि पी९९.९ काय, सगळे हिरवेच येणार. मोजायची पद्धत कितीही बारीक केली तरी जे मोजलंच नाही ते त्यात कुठून येणार?

दुसरी तक्रार 4xx ची. एरर रेटमध्ये तुम्ही फक्त 5xx, म्हणजे सर्व्हरची चूक सांगणारे स्टेटस कोड धरता, कारण 4xx म्हणजे क्लायंटची चूक. बॉट चुकीचे पत्ते मारतात, लोक पासवर्ड चुकवतात, ते सगळं धरलं तर अलार्म दिवसभर वाजत राहील, हे बरोबर आहे. पण एनजिनएक्समध्ये युजरच्या बाजूने कनेक्शन तुटलं तर तेही याच पोत्यात जातं. बॉडी येत असताना तुटलं तर 400, बॉडीची वाट बघून एनजिनएक्सनेच कंटाळून सोडलं तर 408, आणि बॉडी आली पण ॲपच्या उत्तराची वाट बघताना युजर गेला तर 499. हा 499 तर एनजिनएक्सचा स्वतःचा कोड आहे, एचटीटीपीच्या अधिकृत यादीत तो नाही, तो फक्त लॉगमध्ये दिसतो कारण तो कळवायला पलीकडे कुणी उरलेलंच नसतं. आता विचार करा, सर्व्हर मंद झाला, लोक कंटाळून सोडून गेले, तर ते 499 होणार, म्हणजे 4xx, म्हणजे एरर नाही. आपला सर्व्हर जितका जास्त रखडेल तितकी जास्त माणसं उत्तर येण्याआधीच निघून जातील आणि त्यातला एकही तुमच्या एरर रेटमध्ये येणार नाही. पासवर्ड चुकवणारा आणि तीस सेकंद वाट बघून हरलेला, दोघे एकाच रकान्यात कसे?

तिसरी, भागाकाराची. समजा उद्या तुम्ही या तुटलेल्या अपलोडना एरर म्हणून धरलं, तरी डॅशबोर्ड लाल होईलच असं नाही. धरून चाला की दिवसाला १०,००,००० रिक्वेस्ट येतात, त्यात बहुतेक फीड रिफ्रेश, नोटिफिकेशन तपासणं, आयकॉन आणणं आणि सर्व्हर जिवंत आहे का हे बघायला दर थोड्या सेकंदांनी येणारा `/health`. अपलोड त्यात २,०००. त्यातले ९०० फसले. म्हणजे जवळपास अर्धं अपलोड फीचर झोपलंय. पण १० लाखांत ९०० म्हणजे ०.०९ टक्के, यश ९९.९१ टक्के, आपलं टार्गेट ९९.९, डॅशबोर्ड हिरवा. छोट्या पण महत्त्वाच्या कामाचं अपयश मोठ्या आणि बिनमहत्त्वाच्या कामाच्या यशात विरघळून जातं. आणि माणसं मोजली तर चित्र आणखी वेगळं: ते ९०० प्रयत्न ३०० जणांनी प्रत्येकी तीनदा केले आणि कुणालाच जमलं नाही असं धरा, आणि उरलेले १,१०० एकेका माणसाचे एकेक यशस्वी अपलोड. म्हणजे १,४०० जणांपैकी ३०० जणांचं काम झालं नाही, साधारण पाचातला एक. तोच दिवस, तोच लॉग, एका बाजूने ९९.९१ आणि दुसऱ्या बाजूने पाचातला एक बाहेर.

सिंथेटिक टेस्टबद्दल फार लिहीत नाही, एवढंच सांगते की तुमची टेस्ट दर पाच मिनिटांनी जो फोटो अपलोड करते तो मी उघडून बघितला. पांढरा चौकोन आहे. १२ केबी. डेटा सेंटरच्या लाइनवरून. तो फसला तर खरंच आभाळ कोसळलंय असं समजायला हरकत नाही, पण तो गेला याचा अर्थ ४ एमबीचा फोटो मोबाइल नेटवर गेला असा होत नाही.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, मोबाइलवरूनच मोजू, खरा वेळ कळेल. कळेल, पण इथेही एक खड्डा आहे आणि त्यात मोठे मोठे पडलेत. क्रिस झकारियास नावाच्या इंजिनिअरने २०१२ मध्ये यूट्यूबमधला त्याचा अनुभव लिहिला होता. व्हिडिओचं पान साधारण १.२ एमबीचं होतं, त्याने ते १०० केबीच्या खाली आणलं, थोड्या युजर्सना दिलं आणि आकडे बघितले तर सरासरी लोड टाइम कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला. कोडं सुटलं ते भूगोलानुसार आकडे वेगळे केल्यावर. ज्या भागांत नेट फार हळू होतं तिथली माणसं आधी पान वापरतच नव्हती, कारण पान उघडायलाच वीस-वीस मिनिटं लागायची. हलक्या पानामुळे ते दोन मिनिटांत उघडायला लागलं, म्हणून ती माणसं पहिल्यांदाच आकड्यात आली आणि त्यांच्यामुळे सरासरी वेळ वाढला. म्हणजे आधीची चांगली सरासरी ही जे टिकले त्यांची सरासरी होती. आपल्याकडेही मोबाइलवरून फक्त 'अपलोड पूर्ण, इतका वेळ लागला' एवढंच पाठवलं तर हेच होणार, ज्याचं पूर्ण झालं नाही तो काहीच पाठवणार नाही आणि चार्ट पुन्हा हिरवा.

म्हणून शेवट मोजायच्या आधी सुरुवात मोजा. बटण दाबलं की लगेच फोनवरच एक नोंद लिहायची, अपलोड सुरू, फाइल इतकी मोठी. संपलं की दुसरी नोंद, आणि त्यात कारण: झालं, टाइमआउट, सर्व्हरने नाकारलं, की युजरने स्वतः मागे जाऊन सोडून दिलं. हे शेवटचं वेगळं ठेवायलाच पाहिजे, नाहीतर ज्यांचा विचार बदलला त्यांनाही आपण अपयशात मोजू आणि मग तुम्ही म्हणाल की आकडा फुगवलाय. आणि या नोंदी त्या क्षणी पाठवायच्या नाहीत, कारण ज्याचं नेट अपलोडला पुरत नाही त्याच्याकडून रिपोर्ट तरी कुठून जाणार. त्या फोनवर साठवायच्या आणि पुढच्या वेळी ॲप उघडेल तेव्हा पाठवायच्या. सुरुवात आहे पण शेवटच नाही अशी नोंद आली तर ॲप क्रॅश झालं किंवा सिस्टिमने मारलं असं समजायचं. यातही एक भोक राहतं, ज्याने वैतागून ॲप काढूनच टाकलं त्याची नोंद कधीच येणार नाही, तो सापडलाच तर आमच्या तिकिटांत सापडतो. आणि तेच तिकीट तुमचा नियम बंद करायला सांगतो.

मागण्या साध्या आहेत, एकही नवं टूल विकत घ्यायला लागत नाही.

नियम मागे घ्या. डॅशबोर्ड हिरवा आहे हे तिकीट बंद करायचं कारण असू शकत नाही. बंद करायचंच असेल तर त्या युजरच्या त्या वेळेच्या लॉगच्या ओळी तिकिटाला जोडा आणि त्यात काय दिसतंय ते एका वाक्यात लिहा. ओळी सापडल्याच नाहीत तर तसं लिहा, कारण न सापडणं हीसुद्धा माहिती आहे, तो माणूस आपल्या दारापर्यंत पोचलाच नाही एवढं तरी कळतं.

लॉगमध्ये दोन्ही वेळा घ्या, शेजारी शेजारी. फॉरमॅट हा, तुमच्या नेहमीच्या कॉलमांना जोडून, आणि `access_log` च्या ओळीत `gap` हे नाव द्यायला विसरू नका:

```
log_format gap '$status $request_time $upstream_response_time '
               '$request_length $uri';
```

या दोन वेळांतला पहिला आकडा मोठा आणि दुसरा छोटा असेल तर वेळ युजर आणि आपल्यामधल्या रस्त्यात गेलाय. दोन्ही मोठे असतील तर आपलं ॲप मंद आहे. दुसऱ्याच्या जागी डॅश असेल तर रिक्वेस्ट आत आलीच नाही. पुढे सीडीएन किंवा दुसरा लोड बॅलन्सर बसवला असेल तर मात्र हेच गणित त्याच्या लॉगमध्ये करायला लागेल, कारण मग बॉडी तोच आधी गोळा करत असू शकतो आणि आपल्या एनजिनएक्सला सगळं झटपट आल्यासारखं दिसेल. हे बघितल्याशिवाय आकडे छान आले म्हणून खूश होऊ नका.

अपलोडला स्वतःचा चार्ट द्या, बाकीच्या रिक्वेस्टमध्ये मिसळू नका, आणि त्यात 400, 408 आणि 499 वेगवेगळ्या रंगात दाखवा. यावर लगेच पेजर लावा असं मी म्हणत नाही, आधी महिनाभर नुसतं बघा की रोजची पातळी किती असते. 400 मध्ये खरोखर बिघडलेल्या रिक्वेस्टही असतात, त्या सहसा काही मिलिसेकंदांतच संपतात, म्हणून ज्या २९ ते ३१ सेकंदांवर तुटल्या त्या वेगळ्या काढल्या तरी अर्धं चित्र स्पष्ट होईल.

मोबाइल टीमला सुरुवात-शेवटच्या नोंदी लावायला सांगा आणि टार्गेट माणसांवर ठेवा: ज्यांनी अपलोड सुरू केलं आणि स्वतःहून सोडलं नाही, त्यांच्यातल्या कितींचं काम एका मिनिटात झालं. फाइलचा आकार आणि नेटवर्कचा प्रकार यानुसार तो आकडा फोडून बघता आला पाहिजे, नाहीतर वायफायवाले पुन्हा बाकीच्यांना झाकून टाकतील.

आठवड्यातून एकदा तुमच्यातला एक आणि आमच्यातला एक असे दोघं बसून दहा तिकिटं उचलू द्या, निवडून नाही, कुठलीही दहा, आणि प्रत्येकासमोर लिहू द्या की मॉनिटरिंगला हे कसं दिसलं: एरर म्हणून, यश म्हणून, 4xx म्हणून, की दिसलंच नाही. हा तक्ता म्हणजेच डॅशबोर्ड आणि खऱ्या परिस्थितीतलं अंतर, आणि कुठला चार्ट आधी दुरुस्त करायचा हे त्यातूनच कळेल, त्यासाठी वेगळी स्ट्रॅटेजी मीटिंग नको. वर दाखवलेली तिसरी ओळ 'यश म्हणून' या रकान्यात जाईल, आणि माझा अंदाज आहे की त्या रकान्यात तिला बरीच सोबत मिळेल.

३० सेकंदांची मर्यादा काढायची की नाही हा मोबाइल टीमचा प्रश्न आहे, त्यांना मी वेगळं लिहिलंय: एकूण वेळेवर तोडण्यापेक्षा काही सेकंद एकही बाइट पुढे सरकला नाही तर तोडा, आणि फोटो पाठवायच्या आधी फोनवरच लहान करा. पण तुमच्या चार्टवर समस्याच नसेल तर त्यांच्या यादीत हे काम वर येणार कसं, त्यांनाही तुमचाच स्क्रीनशॉट दाखवला जातो.

लॉग फॉरमॅटचा बदल मी रिव्ह्यूला टाकून ठेवलाय, दोन-तीन ओळींचाच आहे. शुक्रवारपर्यंत कुणीतरी बघा, आणि नाकारायचा असेल तर कारण तिथेच लिहा, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. तोपर्यंत अपलोडच्या तिकिटांना आम्ही 'युजर साइड' लेबल लावणार नाही, उघडीच ठेवू.

सपोर्ट टीममधली एक